जमीन सरकारची आहे, हे ठरवायचे कोणी?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात दोन-चार सकाळी बसले, तर एक कागद वारंवार लोकांच्या हातात दिसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याच्या कलम ५० खालील ती नोटीस असते आणि तिची पहिली ओळ बहुधा अशी असते : ‘आपण शासकीय जमिनीवर अतिक्रमण केले असल्याचे निदर्शनास आले आहे, सबब ते अमुक दिवसांत काढून घ्यावे.’ नोटीस हातात पडलेला माणूस साहजिकच शेवटच्या ओळीकडे पाहतो, म्हणजे मुदत किती आहे, दंड किती आहे आणि जेसीबी कधी येणार आहे याकडे. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत वजनदार शब्द मात्र पहिल्या ओळीत असतो, आणि तो शब्द म्हणजे ‘शासकीय’. ती जमीन शासनाची असेल, तर अधिकाऱ्याला कलम ५० चा अधिकार आहे. ती शासनाची नसेल, तर त्या कलमाखाली त्याला काहीच करता येत नाही, मग त्याने नोटीस कितीही रीतसर बजावलेली असो आणि सुनावणी कितीही सभ्यपणे घेतलेली असो.

ज्या गोष्टीच्या असण्यावर अधिकाऱ्याचा अधिकारच अवलंबून असतो, तिला वकील मंडळी ‘ज्युरिस्डिक्शनल फॅक्ट’ म्हणतात. मराठी निकालपत्रांत आणि पुस्तकांत तिच्यासाठी निरनिराळे शब्द येतात. या लेखापुरते मी तिला ‘पायाची वस्तुस्थिती’ म्हणणार आहे. घराला पाया असतो तशी ही अधिकाराला असते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ घ्यावा. न्यायालयांनी हे तत्त्व घडवले ते एका साध्या अडचणीतून. पाया आहे की नाही हे त्याच अधिकाऱ्याने ठरवायचे आणि त्याचे म्हणणे अखेरचे मानायचे, असे झाले, तर कायद्याने त्याच्या अधिकाराला घातलेली मर्यादा उरतच नाही. ‘ही जमीन शासनाची आहे’ एवढे वाक्य लिहिले की तो कोणाच्याही शेतात शिरू शकेल. म्हणून पायाची वस्तुस्थिती अधिकाऱ्याने प्रथम पाहावी, पण ती खरोखर होती की नाही हे न्यायालय पुन्हा स्वतः तपासील, असा नियम झाला.

येथे एक गैरसमज लगेच दूर केला पाहिजे. या तत्त्वाचा अर्थ असा नव्हे की वाद निघताच तहसीलदाराने हात वर करावेत आणि फाइल बंद करावी. त्याला प्राथमिक मत बनवावेच लागते, कारण त्याशिवाय तो कामच सुरू करू शकणार नाही. फरक पडतो तो त्या मताच्या वजनात. एरवी उच्च न्यायालय रिट अर्जात अधिकाऱ्याच्या आदेशाकडे पाहते, तेव्हा त्याने काढलेला निष्कर्ष कोणताही समंजस माणूस काढू शकला असता का, पुरावा विचारात घेतला का, संधी दिली का, एवढेच पाहते. निष्कर्ष न्यायालयाला स्वतःला पटतो की नाही हा प्रश्न सहसा येत नाही. पायाच्या वस्तुस्थितीच्या बाबतीत मात्र प्रश्न सरळ असतो : अधिकाऱ्याचे उत्तर बरोबर आहे की चूक?

हे तत्त्व इंग्लंडमधून आले. १८५३ सालच्या बनबरी विरुद्ध फुलर या खटल्यात तेथील न्यायालयाने असे म्हटले की, मर्यादित अधिकार असलेले कोणतेही न्यायालय मूळ वादाच्या बाहेरच्या मुद्द्यावर चुकीचा निर्णय देऊन स्वतःला अधिकार बहाल करू शकत नाही. जमिनीशी संबंधित त्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९३९ चे आहे. रिपन नावाच्या गावातील नगरपालिकेने घरे बांधण्यासाठी हायफिल्ड नावाच्या मिळकतीतील जमीन सक्तीने घेण्याचा आदेश काढला आणि मंत्र्याने त्याला मान्यता दिली. १९३६ च्या गृहनिर्माण कायद्यात मात्र स्पष्ट लिहिले होते की, एखाद्या घराच्या उद्यानाचा किंवा बागेचा भाग असलेली जमीन अशी घेता येणार नाही. मालकांचे म्हणणे होते की ही जमीन उद्यानाचाच भाग आहे. मंत्र्याच्या निरीक्षकाने जागा पाहिलेली होती आणि मंत्र्याने ठरवले होते की तसे नाही. अपील न्यायालयाने ते उत्तर अखेरचे मानले नाही. जमीन उद्यानाचा भाग नसणे यावरच आदेश काढण्याचा अधिकार उभा आहे, तेव्हा त्या मुद्द्याचा पुरावा आम्ही स्वतः पाहू, असे म्हणून त्याने तो पाहिला आणि आदेश रद्द केला.

आपल्याकडे या तत्त्वाची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अरुण कुमार विरुद्ध भारत सरकार या प्राप्तिकराच्या प्रकरणात नीट मांडली. कोणतेही न्यायालय, न्यायाधिकरण किंवा अधिकारी एखादे प्रकरण हाती घेण्यापूर्वी जी वस्तुस्थिती असावीच लागते, ती पायाची वस्तुस्थिती, असा तिचा आशय आहे. पण व्याख्येपेक्षा मला १९८२ चा एक निकाल अधिक उपयोगी वाटतो, कारण त्यात तहसीलदार आहे, अतिक्रमणाची नोटीस आहे आणि आपल्या कलम ५० सारखाच कायदा आहे.

ते प्रकरण हैदराबादचे, आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध थुम्मला कृष्णराव. उस्मानिया विद्यापीठासाठी निजामाच्या काळात मोठे क्षेत्र संपादन झाले होते आणि त्यातच तीन भूखंडही येतात, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. त्या भूखंडांवर मात्र दुसरीच व्यक्ती बऱ्याच वर्षांपासून कब्जा करून होती. विद्यापीठाने कब्जासाठी दिवाणी दावा लावला आणि तो हरले. उच्च न्यायालयातही तोच निकाल कायम राहिला. यानंतर विद्यापीठाने सरकारला विनंती केली आणि तहसीलदाराने १९०५ च्या जमीन अतिक्रमण कायद्याखाली नोटीस काढून निष्कासनाचा आदेश दिला. दिवाणी न्यायालयात जे मिळाले नाही ते तहसील कचेरीतून मिळवण्याचा हा मार्ग होता. त्यात अगदी अवाक्षरही खोटे नव्हते. सरकारला खरोखरच वाटत होते की जमीन आपली आहे. पण ‘वाटणे’ आणि ‘असणे’ यांच्यात अंतर आहे, आणि त्या कायद्याने अधिकार दिला होता तो सरकारच्या मालकीच्या जमिनीवर, सरकारला आपली वाटणाऱ्या जमिनीवर नव्हे.

सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. सरकारला स्वतःच्या बाजूने एकतर्फी ठरवता येत नाही की मालमत्ता आपली आहे, आणि त्या स्वतःच्या निर्णयाच्या आधारे निष्कासनाचा झटपट मार्ग वापरता येत नाही, हे त्याचे सार. मालकीबद्दल सरकार आणि कब्जेदार यांच्यात प्रामाणिक वाद असेल, तर तो सामान्य दिवाणी न्यायालयातच सुटला पाहिजे. आणि याच निकालात पुढे एक वाक्य आहे, जे नोटीस मिळालेले लोक हमखास विसरतात : अतिक्रमण किती वर्षांचे आहे, थोड्या की पुष्कळ, यावर उत्तर ठरत नाही, ठरते ते जमिनीचे स्वरूप काय आहे आणि कब्जेदाराचा दावा प्रामाणिक आहे का यावर. गावात मात्र प्रत्येक जण वर्षेच मोजत बसतो. ‘आजोबांपासून आमची वहिवाट आहे’ हे ऐकायला भक्कम वाटते, पण सार्वजनिक रस्त्यावर आजोबांपासून ओटा असेल, तर जमिनीच्या स्वरूपाबद्दल काहीच वाद राहत नाही आणि झटपट मार्ग खुला राहतो.

आता हे सर्व आपल्या मातीत आणून पाहू. खटाव तालुक्यातील एका गावाचे कल्पित उदाहरण घेतो. गट क्रमांक आणि आकडे माझे आहेत, पण प्रकार नेहमीचा आहे. गट २१४ एका शेतकऱ्याचा आहे आणि त्याला लागून गट २१५ हे गायरान आहे. शेतकऱ्याची विहीर, जनावरांचा गोठा आणि दगडी ताल असे सगळे जुन्या बांधाच्या आतच आहे. ग्रामपंचायतीच्या तक्रारीवरून तलाठी गट नकाशा घेऊन जागेवर जातो आणि त्याला दिसते की नकाशातील हद्द विहिरीच्या अलीकडून जाते. तो गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, ७ आर क्षेत्राची नोंद करतो. ७ आर म्हणजे जवळजवळ ७ गुंठे. वर तहसीलदाराकडे अहवाल जातो, नोटीस निघते आणि पंधरा दिवसांनी आदेश होतो. संहितेत कलम ५० चा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे, पण प्रत्यक्षात हे काम बहुतेक ठिकाणी तहसीलदाराकडेच असते.

प्रथम कलमाचे शब्द पाहावेत, कारण पायाची वस्तुस्थिती कोणती हे अंदाजाने ठरत नाही, ते कलमाच्या रचनेवरून ठरते. कलम ५० म्हणते की ‘राज्य शासनाकडे निहित असलेल्या’ जमिनीवर अतिक्रमण झाले, तर जिल्हाधिकाऱ्याने ते संक्षिप्त रीतीने दूर करणे कायदेशीर असेल. ‘जिल्हाधिकाऱ्याच्या मते शासनाकडे निहित असलेल्या’ असे ते म्हणत नाही. ‘जिल्हाधिकाऱ्याची खात्री झाल्यास’ असेही म्हणत नाही. हा फरक लहान दिसतो, पण सगळा विषय त्यावर फिरतो. कायद्यात ‘मते’, ‘खात्री’, ‘वाजवी कारण’ असे शब्द असतील, तर अधिकाराचा पाया अधिकाऱ्याची मनःस्थिती असते आणि न्यायालय ती मनःस्थिती प्रामाणिकपणे व पुराव्याच्या आधारे तयार झाली का एवढेच पाहते. कायदा वस्तुस्थितीच लिहीत असेल, तर न्यायालय वस्तुस्थितीच पाहते.

मग शेतकऱ्याकडे काय आहे? त्याच्या सातबारावर गट २१४ चे क्षेत्र १ हेक्टर ६२ आर आहे. त्याने भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून मोजणी आणली, तेव्हा वहिवाटीत असलेले क्षेत्रही १ हेक्टर ६२ आरच भरले. गट नकाशावर आखलेल्या आकृतीचे क्षेत्र मात्र काढले तर १ हेक्टर ५५ आर येते. फरक नेमका ७ आरचा आहे, आणि तलाठ्याने अतिक्रमण म्हणून लिहिलेला तुकडाही नेमका तेवढाच आहे. हा योगायोग नसतो. या भागात एकत्रीकरण योजना झाली, तेव्हा जुने सर्वे नंबर आणि पोटहिस्से मोडून गट पाडले गेले. त्या वेळी काही ठिकाणी क्षेत्र जुन्या नोंदीवरून लिहिले गेले आणि नकाशा मात्र वेगळाच आखला गेला. म्हणून या शेतकऱ्याने पुढे जाऊन एकत्रीकरणाचा ९(३) आणि ९(४) चा उतारा, जुन्या सर्वे नंबरचे टिपण म्हणजे मूळ मोजणीचा कच्चा नकाशा, फाळणी नकाशा आणि गुणाकार पुस्तकाची नक्कल काढली. टिपणात विहिरीपलीकडचा बांध हीच जुनी हद्द दिसते, आणि गायरानाचा जुना सर्वे नंबर त्या बांधाच्या पलीकडे सुरू होतो.

एवढे कागद समोर आल्यावर प्रश्नाचे रूप पालटते. शासनाच्या बाजूने गट नकाशा आहे आणि गाव नमुना १-ब मधील, म्हणजे शासकीय जमिनींच्या नोंदवहीतील, गायरानाची नोंद आहे. शेतकऱ्याच्या बाजूने सातबाराचे क्षेत्र, जुने टिपण आणि अखंड वहिवाट आहे. अधिकार अभिलेखातील नोंद खरी आहे असे संहितेचे कलम १५७ गृहीत धरते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आणि महसुली नोंद मालकी देत नाही हे तर सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. दोन्ही बाजूंना हे सारखेच लागू पडते. ते ७ आर शासनाकडे निहित आहेत की नाहीत, हा वाद प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर तलाठ्याच्या पंचनाम्यात मिळणार नाही.

अशा वेळी नीट काम करणारा तहसीलदार काय करील? एक मार्ग असा की तो गायरानाच्या बाजूनेही मोजणी मागवील, लगतच्या सर्वांना नोटीस देईल आणि नकाशा व क्षेत्र यांतील तफावत भूमी अभिलेख विभागाकडून दुरुस्त होते का पाहील. तफावत तेथेच मिटली, तर मुळात वादच उरत नाही. दुसरा मार्ग संहितेने स्वतःच दिलेला आहे, आणि महाराष्ट्राचा कायदा आंध्रच्या त्या जुन्या कायद्याहून येथे वेगळा पडतो. कलम २० नुसार एखाद्या मालमत्तेवर शासनाचा हक्क आहे की व्यक्तीचा असा दावा उभा राहिला, तर जिल्हाधिकारी किंवा भूमापन अधिकारी रीतसर नोटीस देऊन औपचारिक चौकशी करून त्या दाव्याचा निर्णय करू शकतो. औपचारिक चौकशी म्हणजे साक्षी, उलटतपास, कागद, लेखी कारणांसह निर्णय. कलम ५० ची झटपट कारवाई आणि कलम २० ची ही चौकशी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तक्रार आली की थेट दुसऱ्या मजल्यावर उडी मारायची आणि पहिला मजला बांधायचाच नाही, ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली आहे.

आदेशात ती चूक ओळखायची कशी, याची खूण सोपी आहे. आदेश हातात घ्यावा आणि त्यात एकच वाक्य शोधावे : ही जमीन शासनाकडे निहित आहे असे कोणत्या कागदावरून ठरवले? बहुतेक वादग्रस्त आदेशांत ते वाक्य नसते. ‘तलाठी यांच्या अहवालावरून’ असे असते, आणि तलाठ्याच्या अहवालात ‘तहसीलदार यांच्या निर्देशावरून स्थळपाहणी केली’ असे असते. दोन कागद एकमेकांना टेकून उभे असतात आणि दोघांच्या खाली पाया नसतो. कब्जेदाराने दाखल केलेल्या टिपणाचा उल्लेख होतो तो ‘सामनेवाले यांनी काही कागद हजर केले, परंतु ते समाधानकारक नाहीत’ एवढाच. का समाधानकारक नाहीत हे लिहिलेले नसेल, तर पायाच्या वस्तुस्थितीवर निष्कर्षच नाही असे म्हणता येते.

चूक कब्जेदाराकडूनही होते, आणि ती अधिक महाग पडते. नोटीस मिळाल्यावर घाबरून लोक गावातल्या कोणाकडून तरी उत्तर लिहून घेतात : ‘मी गरीब शेतकरी आहे, मला मुदत द्यावी, अतिक्रमण नियमानुकूल करावे.’ अधिकार संमतीने निर्माण होत नाही हे खरे. जमीन मुळात शासनाची नसेल, तर शेतकऱ्याच्या होकाराने ती शासनाची होत नाही. पण असे उत्तर म्हणजे वस्तुस्थितीची कबुली असते, आणि कबुली हा पुरावा आहे. पुढे उच्च न्यायालयात ‘जमीन माझी’ म्हणताना पहिला प्रश्न येतो की मग तुम्ही नियमानुकूल करण्याची विनंती कशाला केली होती. ज्याचा दावा खरा आहे त्याने पहिल्याच उत्तरात हद्दीचा आणि मालकीचा वाद स्पष्ट लिहावा, कागद जोडावेत आणि कलम २० खाली चौकशी व्हावी अशी मागणी करावी. नियमानुकूल करण्याची विनंती करायचीच असेल, तर ती ‘मूळ हरकतीस बाध न येता’ असे लिहून, पर्याय म्हणून करावी.

नियमानुकूल करण्याच्या प्रश्नावरून तत्त्वाची दुसरी कड दिसते. कलम ५१ खाली जिल्हाधिकारी काही अटींवर अतिक्रमित जमीन अतिक्रमणदारालाच देऊ शकतो. ती द्यावी की नाही, गावाला गायरानाची किती गरज आहे, इतरांवर काय परिणाम होईल, हे सगळे त्याच्या विवेकाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे न्यायालय स्वतः देत बसत नाही. एकाच फाइलमध्ये दोन प्रश्न शेजारी असतात आणि त्यांना न्यायालयाची वागणूक अगदी वेगळी मिळते : ‘जमीन शासनाची आहे का’ यावर न्यायालय स्वतः उत्तर काढू शकते, तर ‘शासनाच्या जमिनीवरचे हे अतिक्रमण ठेवावे का’ यावर ते अधिकाऱ्याच्या मताला मान देते. पुष्कळ रिट अर्ज फसतात ते या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे. अधिकाऱ्याची प्रत्येक चूक पायाची चूक नसते. पंचनाम्यावर एका पंचाची सही राहिली म्हणून पाया कोसळत नाही.

त्याच गावात दुसरा एक माणूस आहे असे धरा. त्याने गेल्या वर्षी गायरानाच्या मधोमध पत्र्याची शेड उभारली. त्याच्याकडे ना सातबारा आहे, ना टिपण. ‘आमची गुरे पहिल्यापासून इथेच बसतात’ एवढेच त्याचे म्हणणे आहे. त्याच्यासाठी या तत्त्वात काहीही नाही. जमीन गायरान असल्याबद्दल वादच नाही, म्हणजे पाया भक्कम आहे आणि त्यावरची कारवाई झटपटच व्हायला हवी. गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवावीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात सर्व राज्यांना बजावले आहे. तिसरा एक जण म्हणेल की जमीन सरकारी होती, पण मी तीस वर्षांहून अधिक काळ उघडपणे स्वतःची म्हणून वहिवाटली. शासनाने कब्जासाठी करायच्या दाव्याची मुदत तीस वर्षांची असल्याने असा दावा कायद्याला अनोळखी नाही. मात्र तो त्याला दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागेल, आणि ‘जमीन सरकारी होती’ हे त्याने स्वतःच मान्य केलेले असल्याने त्याची वाट पहिल्या शेतकऱ्यापेक्षा फार खडतर आहे.

आता उलट बाजू पाहू, म्हणजे कायद्याने पायाची वस्तुस्थितीसुद्धा अधिकाऱ्याच्याच हाती सोपवलेली असते तेव्हा काय होते. १८८८ साली लॉर्ड इशर यांनी प्राप्तिकराच्या एका खटल्यात ही विभागणी स्पष्ट केली होती. कायदेमंडळ कधी म्हणते की अमुक स्थिती असेल तरच या अधिकाऱ्याने अमुक करावे. तेथे ती स्थिती खरोखर आहे का हे न्यायालय पाहते. कधी मात्र कायदेमंडळ म्हणते की ती स्थिती आहे का हेही याच अधिकाऱ्याने ठरवावे आणि मग पुढचे करावे. तेथे त्याने चुकीचे ठरवले, तरी ती अधिकारातली चूक असते, अधिकाराबाहेरची नव्हे, आणि ती अपिलात दुरुस्त व्हायची.

या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे, ते म्हणजे कूळ कायदा. १९४८ च्या त्या कायद्याच्या कलम ७० मध्ये एखादी व्यक्ती कूळ आहे का, किंवा पूर्वी कधी होती का, हे ठरवण्याचे काम स्पष्ट शब्दांत मामलेदारावर सोपवले आहे, आणि कलम ८५ ने दिवाणी न्यायालयाला त्या प्रश्नात पडायला मनाई केली आहे. कूळ असणे हा तर सगळ्या कूळ कायद्याचा पायाच. तरीही तो प्रश्न न्यायालय स्वतः ठरवीत नाही. उलट दिवाणी दाव्यात ‘मी कूळ आहे’ असा बचाव आला, तर कलम ८५-अ प्रमाणे न्यायालयाने दावा थांबवून तेवढा मुद्दा मामलेदाराकडे पाठवायचा आणि त्याचे उत्तर आल्यावर पुढे जायचे. ज्यांना वाटते की मोठे न्यायालय लहान कचेरीकडे प्रश्न पाठवते हे उलटेच झाले, त्यांनी दोन्ही कलमांची भाषा शेजारी ठेवून वाचावी. कलम ५० मामलेदाराला जमीन कोणाची हे ठरवायला सांगत नाही. कलम ७० कूळ कोण हे ठरवायला सांगते. कचेरी एकच, खुर्ची एकच, आणि तरी एका निर्णयाला अखेरपणा आहे, दुसऱ्याला नाही.

आपल्या पहिल्या शेतकऱ्याकडे परत येऊ. समजा, तहसीलदाराने कलम २० ची चौकशी न करताच आदेश काढला. संहितेत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील आहे, आणि पर्यायी मार्ग असताना उच्च न्यायालय सहसा तिकडेच पाठवते. पण अधिकारच नसल्याची हरकत असेल, तर तो नियम न्यायालय सैल करू शकते. सातारा आणि सांगलीच्या लोकांना त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने हे अंतर कमी झाले आहे. तेथे शेतकऱ्याने सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत, ९(३)-९(४) चा उतारा आणि टिपण दाखल केले, की न्यायालयाला आदेशातील उणीव कागदांवरूनच दिसू शकते.

मात्र ‘न्यायालय स्वतः ठरवते’ या वाक्याला येथे एक व्यावहारिक मर्यादा येते, आणि ती समजून न घेतल्याने अपेक्षाभंग होतो. रिट अर्जात सुनावणी प्रतिज्ञापत्रांवर चालते. साक्षीदार उभे करणे, मोजणीदाराची उलटतपासणी घेणे हे तेथे क्वचितच होते. टिपणातील रेषा आणि जागेवरचा बांध एकच आहेत का, हा प्रश्न मोजणीदाराला विचारल्याशिवाय सुटणार नसेल, तर उच्च न्यायालय मालकी जाहीर करीत नाही. ते बहुधा आदेश रद्द करते, कलम २० ची चौकशी करा म्हणते किंवा दिवाणी न्यायालयात जा म्हणते, आणि तोवर गोठ्याला हात लावू नका असे सांगते. म्हणजे रिट जिंकली तरी ७ आर शेतकऱ्याचे ठरले असे होत नाही. ठरते एवढेच की ते शासनाचे आहेत असे मानून झटपट कारवाई करण्याचा अधिकार तहसीलदाराला नव्हता.

त्यानंतर चौकशी झाली आणि जिल्हाधिकाऱ्याने कलम २० खाली शासनाच्या बाजूने निर्णय दिला, तर त्याविरुद्ध दिवाणी दावा करण्याची मुदत फक्त एक वर्षाची आहे. अपील केले असेल, तर अखेरच्या अपिलाच्या आदेशापासून. हे एक वर्ष लोकांच्या लक्षात राहत नाही, कारण एरवी मालकीच्या दाव्यांना बारा वर्षांची मुदत ऐकायची सवय असते. कलमाचे शब्द असे आहेत की मुदतीनंतर आलेला दावा समोरच्याने मुदतीची हरकत घेतली नसली तरी फेटाळायचा. ते वर्ष उलटले, की ७ आर शासनाकडे निहित आहेत ही गोष्ट त्या शेतकऱ्यापुरती पक्की होते, आणि पुढच्या खेपेला कलम ५० ची नोटीस आली, तर तिच्या पहिल्या ओळीतील ‘शासकीय’ या शब्दावर त्याला हरकत घेता येत नाही.